नवी मोठी पॅनलं, जुना इन्व्हर्टर: फक्त किलोवॉट जुळवण्याची चूक टाळा

कराडजवळच्या एका घरी गारपिटीत छतावरची जुनी सोलर पॅनलं फुटली. पॅनलची डीसी वीज घरासाठी एसी करणारा इन्व्हर्टर शाबूत होता, 5 किलोवॉटचा. बसवणाऱ्याने त्यावर 600 वॉटची आठ नवी पॅनलं एका ओळीत जोडून दिली. बेरीज 4.8 किलोवॉट, म्हणजे हिशोब बसला असं सगळ्यांनाच वाटलं. पण भर एप्रिलच्या उन्हात वीज साडेतीन-पावणेचार किलोवॉटच्या पुढे सरकेना. घरमालक म्हणाले, "पॅनलंच खराब निघाली बघा."

पॅनलं चांगली होती. इन्व्हर्टरच्या स्क्रीनवर दिवसभराचा डीसी करंट पाहिला, तर सकाळी चढत गेलेली रेघ साडेदहाला 12.5 अँपिअरवर पोचून थेट दुपारपर्यंत सपाट, पाचगणीच्या टेबललँडसारखी. पॅनलच्या मागच्या लेबलवर आयएमपी, म्हणजे पूर्ण क्षमतेवर चालतानाचा करंट, 17.3 अँपिअर होता. इन्व्हर्टरच्या एका एमपीपीटीची, म्हणजे पॅनलकडून जास्तीत जास्त वीज ओढणाऱ्या भागाची, कमाल मर्यादा मात्र 12.5. तेवढा करंट घेऊन तो थांबतो आणि व्होल्टेज वर सरकतं; उरलेली वीज तयारच होत नाही. एसी बाजूची पॉवर 5 किलोवॉटला टेकून सपाट झाली असती, तर गोष्ट वेगळी होती. इथे ती बरीच खाली असतानाच करंट अडला होता.

"मग दोन पॅनलं काढू का?" त्यांनी विचारलं. त्याचा उपयोग नाही. सिरीजमध्ये पॅनल कमी केलं की व्होल्टेज घटतं, करंट तेवढाच राहतो.

इथवर नुकसान फक्त युनिटचं. मला खरी काळजी दुसऱ्या आकड्याची वाटली. पॅनलचा आयएससी, म्हणजे शॉर्ट सर्किट करंट, 18.4 आणि इन्व्हर्टरची शॉर्ट सर्किट मर्यादा 16. चालू असताना इन्व्हर्टर करंट आवरून धरतो. पण आतला स्विच शॉर्ट झाला किंवा जोडताना प्लस-मायनस उलटे लागले, तर आवरणारं कोणी उरत नाही. पॅनल देईल तेवढा करंट आत घुसतो आणि ऊन आहे तोवर वाहतच राहतो. शिवाय मर्यादा ओलांडलेली दिसली, तर वॉरंटीही अडू शकते.

म्हणून मी आयएससीला 1.25 ने गुणतो. 18.4 चे 23 होतात; इन्व्हर्टरची शॉर्ट सर्किट मर्यादा त्याच्या खाली नको. पावसाळ्यात ढग फाटून ऊन पडतं, तेव्हा काही क्षण लेबलवरच्या आकड्याहून जास्त करंट येतो. दोन्ही बाजूंनी वीज देणारं बायफेशियल पॅनल पांढऱ्या रंगाच्या स्लॅबवर असेल, तर डेटाशीटमधला मागच्या उजेडासहचा आयएससी धरावा. आणि एका एमपीपीटीला दोन स्ट्रिंग, म्हणजे पॅनलच्या दोन ओळी, समांतर जोडल्या असतील, तर करंट दुप्पट. डेटाशीटमधली मर्यादा स्ट्रिंगची आहे की पूर्ण एमपीपीटीची, हे तिथे नीट वाचा.

त्या घरी शेवटी इन्व्हर्टर बदलला. नव्याची मर्यादा चालू करंटसाठी 20 आणि शॉर्ट सर्किटसाठी 25 अँपिअर आहे. पॅनलं तीच ठेवली.