ब्रॅकेटचा झोल मोजताना पहिला किलो सोडून द्या

फ्रीकॅड या सॉफ्टवेअरमध्ये एल आकाराच्या ब्रॅकेटची मागची अख्खी बाजू ‘फिक्स’ केली, की तो खऱ्यापेक्षा ताठ दिसतो. प्रत्यक्षात तो फक्त बोल्टांवर धरलेला असतो. वजन येताच वरची कड भिंतीपासून किंचित सुटते आणि खालची दाबली जाते.

म्हणून सॉफ्टवेअरचा झोल खऱ्या ब्रॅकेटवर मोजून ताडून पाहा. समजा, आडवी पट्टी ४० मिमी रुंद, ५ मिमी जाड आणि कोपऱ्यापासून १५० मिमी लांब आहे. टोकाला आधी १ किलो टांगा, डायल गेज शून्यावर आणा, मग आणखी ४ किलो घाला. पहिल्या किलोत बोल्टांचा ढिलेपणा निघून जातो. F म्हणजे भार, L लांबी, E पोलादाची ताठरता आणि I पट्टीच्या रुंदी-जाडीवरून येणारा आकडा धरला, तर पोलादासाठी हाताने केलेला हिशोब ०.५० मिमी झोल सांगतो:

```
d = F*L^3/(3*E*I)
```

सॉफ्टवेअरमध्येही ४ किलोचे ३९.२ न्यूटनच लावा आणि जाळी ‘2nd order’ ठेवा; पहिल्या ऑर्डरची जाळी वाकताना खोटी ताठ वागते. गेज ०.७ दाखवत असेल, तर दुसरा गेज कोपऱ्यावर, उभ्या पट्टीला आडवा टेकवा. तो हलला, तर फिक्स फक्त बोल्टच्या भोकांवर करा आणि खालच्या कडेला भिंतीकडे सरकू देऊ नका.

ताणाचे आकडे मात्र ताडून पाहू नका. धारदार आतल्या कोपऱ्यात जाळी बारीक कराल तसा ताण वाढतच जातो.