उभं राहताच अंधारी येते? या चुका टाळा

तासगावकडचे ७४ वर्षांचे एक द्राक्ष बागायतदार. रात्री लघवीला उठले की डोळ्यांपुढं अंधारी यायची, एकदा मोरीच्या दारातच पडले. दवाखान्यात खुर्चीत बसवून बीपी मोजलं तर १३८/८०. बीपी चांगलं आहे म्हणून चक्करेसाठी प्रोक्लोरपेराझिन सुरू झालं. त्यानंतर त्रास वाढला, कारण ही गोळी स्वतःच उभं राहिल्यावरचं बीपी पाडते.

बसून मोजलेल्या बीपीत ही घट बहुतेक वेळा दिसतच नाही. पेशंटला ५ मिनिटं आडवं झोपवून बीपी आणि नाडी घ्या. मग उभं करून १ मिनिटानं आणि ३ मिनिटांनी पुन्हा मोजा. हात खाली लोंबकळू देऊ नका, छातीच्या पातळीला आधार देऊन धरा. लोंबत्या हातात बीपी खोटंच जास्त दिसतं आणि घट झाकली जाते. वरचं बीपी २० किंवा खालचं १० नं उतरलं, तर चक्कर आली नसली तरी तपासणी पॉझिटिव्ह समजा. पेशंट डगमगला तर लगेच झोपवा.

बागायतदारांचं झोपून १४६/८४, नाडी ७४. उभं राहून ३ मिनिटांनी १०८/६६, नाडी ८२. बीपी ३८ नं पडलं आणि नाडी जेमतेम ८ नं वाढली. जुलाबानं किंवा पाणी कमी पडून बीपी उतरलं असतं, तर नाडी जोरात पळाली असती. ती पळत नाही तेव्हा बीपी सांभाळणाऱ्या मज्जातंतूंवर संशय घ्यावा, आणि त्यांना इजा करणारा जुना मधुमेह यांना होताच. नाडी संथ ठेवणारं बीटा ब्लॉकर औषध चालू असेल तर मात्र या हिशेबावर विसंबू नका.

पुढची चूक म्हणजे औषधांची पिशवी न उघडणं. त्यांच्या पिशवीत टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइडची एकत्र गोळी, प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन आणि तळपायांच्या आगीसाठी रात्रीची अमिट्रिप्टिलिन निघाली. त्यातलं टॅम्सुलोसिन ते उपाशीपोटी घ्यायचे, त्यानं रक्तातलं प्रमाण वाढतं.

ही सगळीच औषधं उभं राहिल्यावरचं बीपी पाडू शकतात, पण म्हणून बीपीची सगळीच औषधं थांबवू नयेत. बीपी मोकाट सुटलं तर उभं राहिल्यावरची घट उलट वाढू शकते. आधी प्रोक्लोरपेराझिन आणि अमिट्रिप्टिलिन काढली, मग लघवी वाढवणारा भाग वगळून नुसतं टेल्मिसार्टन ठेवलं, टॅम्सुलोसिन जेवणानंतर घ्यायला सांगितलं. हे बदल डॉक्टरांनीच करायचे, घरच्यांनी परस्पर नाहीत.

घरी खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू वीतभर उंच केली. त्यानं रात्रीची लघवीही कमी होते. लघवीचं भांडं खाटेजवळ ठेवलं. सकाळी उठण्याआधी २ ग्लास पाणी सलग प्यायचं, पण हृदय किंवा किडनी कमजोर असेल तर विचारूनच. दोन आठवड्यांनी पुन्हा झोपून आणि उभं करून मोजलं, तेव्हा घट १६ वर आली होती. झोपून बीपी १५२ होतं, तेवढं आम्ही चालवून घेतलं.