ट्रकभाड्याचे दर मागवताना या चुका टाळा

'वागळे इस्टेट ते हैदराबाद, 32 फुटी गाडी, दर कळवा.' एवढाच मेसेज चार ट्रान्सपोर्टरना गेला की चार आकडे येतात, पण त्यांची तुलनाच करता येत नाही. प्रत्येकाने मनात वेगळी गाडी धरलेली असते.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे फूट सांगून वजन न सांगणे. 32 फुटी कंटेनर सिंगल अ‍ॅक्सलही असतो आणि मल्टी अ‍ॅक्सलही. बाजारात पहिला साधारण 7 टनांचा, तर दुसरा 14-15 टनांचा धरतात. नेमकी क्षमता गाडीच्या आरसीवरून कळते. समजा, तुमचा माल 10 टन आहे. ज्याचा दर सर्वांत कमी, त्याने बहुधा सिंगल अ‍ॅक्सल धरली आहे. मग गाडी दारात लागते, ड्रायव्हर वजन ऐकून ओव्हरलोड भरायला नकार देतो आणि ऐन वेळी वाढीव भाड्याने दुसरी गाडी शोधावी लागते. म्हणून वजन, खोक्यांची संख्या आणि माप तिन्ही लिहा. रिकाम्या बाटल्यांसारख्या हलक्या मालात गाडी वजनाआधी जागेने भरते, तिथे माप जास्त महत्त्वाचे. नुसते 'केमिकल' तर कधीच लिहू नका. माल धोकादायक वर्गातला असेल, तर ड्रायव्हरच्या लायसन्सवर तशी नोंद लागते आणि अशा गाड्या मोजक्याच मिळतात.

दुसरी चूक लोडिंग पॉइंटची. अर्धा माल वागळेत, अर्धा महापेत असेल, तर ते दर मागतानाच सांगायला हवे. ठाण्यात जड वाहनांना ठरावीक वेळेतच प्रवेश असतो. वागळेतला माल वेळेत तयार नसला, तर गाडी बंदीत अडकते, महापेचे लोडिंग दुसऱ्या दिवसावर जाते आणि बिलात हॉल्टिंग लागते. माझ्या मते आधी वागळे, मग महापे हाच क्रम बरा. महापेहून गाडी शिळफाटा-कळंबोलीमार्गे थेट पुण्याच्या रस्त्याला लागते.

'रेग्युलर काम आहे' या शब्दांवर कोणी दर उतरवत नाही. ट्रान्सपोर्टरला परतीच्या भाड्याची सांगड घालायची असते, त्यासाठी त्याला वार कळायला हवेत. महिनाअखेरीला गाड्या वाढणार असतील तर तेही सांगा, नाहीतर त्या जादा गाड्यांना बाजारभाव लागेल.

चौकशी अशी पाठवा:

'वागळे इस्टेट (सकाळी 7 ला माल तयार) + महापे ते हैदराबाद, एकच अनलोडिंग. खोक्यांतला सुका माल, 10 टन, 32 फुटी मल्टी अ‍ॅक्सल बंद बॉडी. दर सोमवारी आणि गुरुवारी एक गाडी, महिनाअखेरीला 2 जादा. दर प्रति गाडी, टोलसह. दुसऱ्या पॉइंटचा आकार, हॉल्टिंग किती तासांनंतर व किती, आणि डिझेल बदलल्यास दर कसा बदलेल ते वेगळे लिहा. दोन्हीकडची हमाली आमची. पेमेंट पीओडी मिळाल्यावर 15 दिवसांत.'

उत्तरात हॉल्टिंगचा रकाना कोरा आला, तर दर पक्का करण्याआधी तो लेखी भरून घ्या.