स्नेहमेळाव्यात अनोळखी माजी विद्यार्थी भेटला, तर या चुका टाळा

आपल्या वर्गातले, आपल्या बाकावरचे भेटले तर काही शिकवावं लागत नाही. अडचण होते ती वेगळ्या बॅचच्या, वेगळ्या तुकडीच्या माणसाशी. शाळा एकच, पण शाळेत असताना एकमेकांना नावानंही माहीत नव्हतो. तीस-चाळीस वर्षांनी जेवणाच्या रांगेत दोघं शेजारी उभे राहतात, दोघांनाही मनापासून बोलायचं असतं आणि पाच मिनिटांत गाडी मुलगा कुठल्या कंपनीत आहे आणि गुडघे किती दुखतात यावर येऊन थांबते. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या शाळेच्या मेळाव्यात मी नोंदणीच्या टेबलावर बसतो. तिथून हे सगळं दिसतं, आणि दरवेळी चुका त्याच त्या असतात.

"ओळखलं का? सांगा बघू मी कोण!"

ही सवय मोडायलाच हवी. समोरच्याला परीक्षेला बसवून ओळख होत नसते. चेहरा ओळखीचा वाटणं आणि नाव आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यातही नाव आठवणं सगळ्यात अवघड. माणूस काय करायचा, कुठं राहायचा हे आठवतं, नाव तेवढं निसटतं. वयानं ते वाढतं खरं, पण तरुणांचंही असंच होतं. त्यातून तुम्ही त्याच्या वर्गात कधी नव्हताच, तर त्यानं आठवायचं तरी काय?

एका मेळाव्यात एक गृहस्थ एका बाईंसमोर उभे राहिले आणि "ओळखा" म्हणून हटून बसले. बाई कसनुसं हसल्या, दोन-तीन नावं घेऊन पाहिली, सगळी चुकली. गृहस्थांनी मदत म्हणून "आडनाव म पासून" असं सुरू केलं. भोवती चार माणसं जमली. बाईंचा चेहरा पडत गेला, आणि शेवटी "पाणी घेऊन येते" म्हणून त्या गेल्या त्या परत आल्याच नाहीत. मला वाईट याचं वाटलं, की गृहस्थांची धाकटी बहीण त्या बाईंच्या वर्गात होती. पहिल्याच वाक्यात "मी अमकीचा मोठा भाऊ" म्हणाले असते, तर दोघं तासभर बोलत बसले असते. बाई त्यांना ओळखत नव्हत्या, पण त्यांचं घर ओळखत होत्या.

म्हणून स्वतःहून, पूर्ण आणि शाळेतल्या पद्धतीनं सांगा. हजेरीत आधी आडनाव यायचं, तसं आधी आडनाव, मग नाव, मग घर किंवा गाव: "मी माळ्यांचा, पेठेतल्या पिठाच्या गिरणीशेजारचे ते आम्ही." भाऊ-बहीण त्याच शाळेत असतील तर त्यांची नावंही लगेच सांगून टाका. आमच्यासारख्या गावात निम्म्या ओळखी भावंडांवरून लागतात. बायकांच्या बाबतीत माहेरचं नाव आलंच पाहिजे. हल्ली मी बिल्ल्यावर माहेरचं नाव मोठ्या अक्षरात आणि सासरचं खाली बारीक लिहून घेतो. काही ठिकाणी अजून उलटं करतात. बॅंकेच्या पासबुकातलं नाव छापून ठेवतात आणि मग कुणी कुणाला ओळखत नाही म्हणून हळहळतात.

हाक मारताना सुरुवात "तुम्ही" नंच करा. एका शाळेतले म्हणून पहिल्या मिनिटाला "अरे"वर उतरणारे मला आवडत नाहीत. बोलणं रंगलं की "अरे-अगं" आपोआप येतं, आणि बहुतेक वेळा मोठ्या बॅचचा माणूसच ते आधी सुरू करतो.

वर्षांचा आणि सत्राचा हिशेब न करता सरांच्या नावांची यादी काढणं

लोक घाईत असतात. नाव सांगून झालं की लगेच "गणिताला कोण होते? इंग्रजीला? पीटीला?" सुरू होतं. तीन-चार नावं जुळली नाहीत की दोघंही मनातून हरतात. खरं तर नावं जुळणारच नव्हती, एवढंच झालेलं असतं.

माझ्या डोळ्यांसमोर घडलेला प्रसंग सांगतो. एक गृहस्थ 1984 चे दहावी, एक बाई 1988 च्या. कितीतरी वेळ शिक्षकांची नावं घेत होते आणि एकही जुळत नव्हतं. मी मध्ये पडलो. आमची शाळा पाचवी ते दहावी. म्हणजे गृहस्थ जून 1978 ला पाचवीत आले आणि मार्च 1984 ला बाहेर पडले. बाई जून 1982 ला पाचवीत आल्या. दोघं एकाच वेळी शाळेत होते ती फक्त दोन वर्षं, 1982-83 आणि 1983-84. तेव्हा गृहस्थ नववी-दहावीत, बाई पाचवी-सहावीत. आमच्याकडे आठवी ते दहावी सकाळी भरायची आणि पाचवी ते सातवी दुपारी. दोन्ही सत्रांचे शिक्षक वेगळे. पुढं बाई आठवीत जाईपर्यंत गृहस्थांचे गणिताचे आणि इंग्रजीचे सर निवृत्त झाले होते. नावं जुळणार कुठून?

मग मी विचारलं, "दहावीला वर्ग कुठल्या खोलीत होता?" गृहस्थ म्हणाले, लोखंडी जिन्याच्या वर, कोपऱ्यातली. बाई एकदम म्हणाल्या, "आमची सहावी तिथंच!" सकाळी जी खोली दहावीची, तीच दुपारी सहावीची. आणि मग शेवटच्या बाकाची गोष्ट निघाली. त्या बाकाचा एक पाय मोडलेला होता आणि त्याखाली वीट लावलेली असायची. वीट सरकली की बाक डुलायचा आणि वही घसरायची. दोघांनीही ती वीट पायानं ढकलून जागेवर बसवलेली होती, एकानं सकाळी, एकीनं दुपारी, त्याच वर्षी. तिथून पुढं सव्वाबाराच्या सुमाराची फाटकातली गर्दी निघाली, मोठी मुलं बाहेर पडेपर्यंत लिंबाखाली थांबलेली लहान मुलं निघाली, आणि नंतर मला त्या दोघांकडे लक्ष द्यावं लागलं नाही.

तेव्हा आधी दहावीचं वर्ष विचारायचं, मनात वजाबाकी करायची, आणि सामाईक वर्षं किती आणि कुठल्या इयत्तेतली ते काढायचं. ज्येष्ठ मंडळींशी बोलताना एक लक्षात ठेवा. महाराष्ट्रात जुनी अकरावीची मॅट्रिक होती, आणि मार्च 1975 मध्ये जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली अशा दोन बॅच एकाच वर्षी बाहेर पडल्या. "75 ची बॅच" म्हटलं की कुठली, हे विचारून घ्यावं लागतं, नाहीतर हिशेब एका वर्षानं चुकतो.

हिशेब झाला की वर्ष सोडून द्या. "83 साली काय काय झालं आठवतंय का?" असं विचारून कुणाला काही आठवत नाही. विलेम वाखेनार नावाच्या डच मानसशास्त्रज्ञानं सहा वर्षं रोजच्या घटना लिहून ठेवल्या आणि नंतर स्वतःचीच परीक्षा घेतली. काय घडलं, कोण होतं, कुठं घडलं, यातलं काही सांगितलं की आठवण निघायची. नुसतं केव्हा घडलं हे सांगून जवळजवळ काहीच हाती लागायचं नाही. त्याचा हा अभ्यास 1986 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि मला टेबलावर बसून जे दिसतं ते अगदी तसंच आहे. साल हे आपल्या हिशेबापुरतं. समोरच्याला मात्र जागा विचारा: जिना, पाण्याची टाकी, सायकल स्टॅंड, प्रयोगशाळेचं कुलूप.

सामाईक वर्ष एकही निघालं नाही तर माणसं सोडून वस्तूंकडे वळा, आणि शिपायांकडे. मुख्याध्यापक बदलतात, पण घंटा देणारे शिपाईमामा वीस-पंचवीस वर्षं तेच असतात. आमच्याकडे घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा टांगलेला तुकडा. त्याच्या आवाजावर कुठल्याही दोन बॅच बोलू शकतात.

"तुम्ही अ तुकडीत की ड मध्ये?"

हा प्रश्न विचारणारा बहुधा अ तुकडीतला असतो. अनेक शाळांत तुकड्या गुणांवर पडायच्या, आणि क किंवा ड मध्ये गेलेल्या मुलाला ते सहा वर्षं रोज ऐकवलं जायचं. पन्नाशीतही ते टोचतं. वर्गाची खोली विचारली की तुकडी आपोआप कळते, आणि कुणाला कमीपणा येत नाही. सरांचंही तसंच. ज्या सरांचं तुम्ही प्रेमानं नाव घेता, त्यांनीच समोरच्याला फीसाठी वर्गाबाहेर उभं केलेलं असू शकतं. आपलं कौतुक आधी ओतू नका. "तुम्हाला ते सर कसे वाटायचे?" म्हणून विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका.

"हो हो, आठवतंय ना!"

आठवत नसेल तर म्हणू नका. समोरचा पुढचा तपशील विचारतो आणि दुसऱ्या वाक्याला खोटं उघडं पडतं. "मला नाही आठवत, पण सांगा, कुठं घडलं हे?" एवढं म्हटलं तरी माणूस खुशीनं सांगतो.

आणखी काही

लिमलेटच्या गोळ्या, शाईचं पेन, रविवारची रामायण मालिका. हा सगळा फॉरवर्डचा माल आहे. तो अख्ख्या महाराष्ट्राचा सामाईक आहे, त्यामुळे त्याला "हो ना" एवढंच उत्तर येतं आणि बोलणं तिथंच संपतं. हा सोपा रस्ता मला मुळीच पटत नाही. फक्त तुमच्या शाळेत होतं तेच काढा.

कुणाचं टोपणनाव पुढाकार घेऊन उच्चारू नका. त्यानं स्वतः सांगितलं तर गोष्ट वेगळी.

कोण कोण गेलं याची यादी जेवणाआधी काढू नका. आमच्या भागात 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप शाळेत असलेल्या प्रत्येकाला आठवतो, आणि त्या रात्री कोण कुठं झोपलं होतं हेही. पण समोरच्याचं आजोळ त्या गावांतलं आहे का, हे कळल्याशिवाय तो विषय काढायचा नाही.

फोटोचे अल्बम मोबाइलवर लगेच उघडून दाखवू नका. दोघं बोलायचं सोडून पडद्यावर बोट फिरवत बसतात. गटाचा जुना छापील फोटो असेल तर मात्र जरूर आणा. त्यात मागची भिंत, झाड, जिना दिसतो, आणि आपल्या बॅचचा नसलेला माणूसही त्यावर बोट ठेवू शकतो.

निघताना नंबर घेतलात तर नुसतं नाव साठवू नका. नावापुढं दहावीचं वर्ष, खोली आणि जी आठवण जुळली ती लिहून ठेवा: "88, जिन्यावरची कोपऱ्यातली खोली, वीट." पुढच्या वेळी फोन केलात की बोलणं तिथूनच सुरू करता येतं.