गाडीचं बटण रिमोट शिकतं, तरी गेट उघडत नाही?

धरमपेठेतल्या आमच्या बंगल्याच्या गेटला हेच झालं. गाडीत गेट उघडायला जे बटण असतं, ते हातातल्या रिमोटवरून शिकवलं, पण गेट ढिम्म. ते दाबलं की त्याचा दिवा आधी दोन सेकंद भराभर लुकलुकून मग स्थिर होत होता. ही रोलिंग कोडची खूण. दर दाबेला कोड बदलतो, म्हणून नुसती नक्कल चालत नाही. गेटच्या मोटरनेही गाडीच्या बटणाला ओळखावं लागतं.

मोटरवरचं ‘लर्न’ बटण एकदाच दाबून सोडा. बऱ्याच मोटरींत ते सहा-सात सेकंद धरलं तर घरातले सगळेच रिमोट पुसले जातात, तेवढं सांभाळा. मग तीस सेकंदांच्या आत गाडीचं बटण दोन-दोन सेकंद, दोन-तीनदा दाबा. मोटरपाशी कुणाला तरी उभं करा, एकट्याने धावपळ होते.