स्कॅनवरचं नाव झाकताना या चुका टाळा

एमआरआयची फिल्म खिडकीच्या काचेला लावायची, मोबाइलने फोटो काढायचा, नावावर काळी रेघ मारायची आणि "कुणी सांगेल का हे काय आहे?" म्हणून टाकून द्यायचं. मी असे फोटो इतके पाहिलेत की आता आधी त्या काळ्या रेघेकडेच बघतो.

माझ्या मावसभावाने असाच एक फोटो टाकला होता. त्याच्या मते नाव, आयडी आणि जन्मतारीख, सगळं झाकलेलं. मी फोटो उतरवून घेतला आणि एडिटरमध्ये ब्राइटनेस शेवटपर्यंत नेला. तिन्ही ओळी वाचता आल्या! त्याला फोनवर त्याचाच आयडी वाचून दाखवला तेव्हा कुठे पटलं.

झालं असं होतं की घाईत त्याने पेनाऐवजी हायलाइटर निवडला होता आणि रंग काळा घेतला होता. हायलाइटर अर्धपारदर्शक असतो. समजा तो ८० टक्के झाकतो. पांढऱ्या अक्षराची उजळता २५५ असते, पहिल्या रेघेनंतर ती ५१ होते आणि दुसऱ्या रेघेनंतर साधारण १०. आजूबाजूची फिल्म आधीच काळी, म्हणजे ० च्या आसपास. ० आणि १० मधला फरक डोळ्याला दिसत नाही, पण फाइलमध्ये तो असतो आणि ब्राइटनेस वाढवला की अक्षरं वर येतात. पांढऱ्या कागदावर असा हायलाइटर लगेच पकडला जातो. काळ्या फिल्मवर तो फसवतो.

म्हणून मी ब्रश वापरतच नाही. नाव कडेला असेल तर ती कड क्रॉप करतो. मधे असेल तर आकार काढायच्या टूलने पूर्ण भरीव चौकोन टाकतो, तोही लाल किंवा पिवळा, म्हणजे काही उरलं तर लगेच दिसतं. मग त्या चित्राचा नवा स्क्रीनशॉट घेतो आणि तोच पाठवतो, मूळ फाइल नाही. हे शेवटचं पाऊल बऱ्याच जणांना वेडेपणा वाटतं. २०२३ मध्ये गूगल पिक्सेल फोनच्या Markup टूलमध्ये एक दोष सापडला होता: क्रॉप केलेल्या फाइलच्या शेपटीत मूळ चित्राचा डेटा तसाच राहायचा आणि कापलेला बराच भाग परत मिळवता यायचा. तेव्हापासून मला कुणी वेडा म्हटलेलं चालतं.

अक्षरं धूसर करणं किंवा चौकटी-चौकटी करणं हे झाकणं नव्हे. पीडीएफ रिपोर्टवर काळा चौकोन ठेवला तरी खालचा मजकूर बहुतेकदा सिलेक्ट करून कॉपी करता येतो.

दुसरी चूक जरा जाणकारांची. सीडीवरची डायकॉम फाइल, म्हणजे स्कॅनची मूळ फाइल, थेट पाठवतात, कारण "चित्रावर नाव नाहीच". चित्रावर नसेल, पण फाइलच्या हेडरमध्ये, म्हणजे चित्रासोबत साठवलेल्या माहितीत, असतं. डायकॉम फाइली वाचणारं dcmtk हे साधन संगणकावर असेल तर एकदा हे चालवून पाहा:

```
dcmdump IM000001 | grep -iE "name|birth|date|PatientID"
```

PatientName, PatientBirthDate, InstitutionName, सगळं रांगेत उभं असतं. ते पुसलं तरी StudyInstanceUID मधल्या लांबलचक आकड्यात कधी कधी तपासणीची तारीख गुंफलेली असते, आणि सीडीवरच्या DICOMDIR फाइलमध्ये नावाची वेगळी प्रत असते. पूर्ण फोल्डर झिप करून पाठवणाऱ्यांना हेच महागात पडतं.

याच्या अगदी उलट सोनोग्राफी. तिथे नाव, आयडी आणि वेळ मशीन चित्रातच छापतं. हेडर कितीही धुतलं आणि व्ह्यूअरमधला मजकूर बंद केला तरी ती पट्टी जात नाही, कारण ते पिक्सेलच आहेत. वरची पट्टी कापा. गरोदरपणाच्या स्कॅनमध्ये खाली किंवा बाजूला LMP आणि EDD च्या, म्हणजे शेवटच्या पाळीच्या आणि अपेक्षित प्रसूतीच्या तारखा असतात, त्या तर हमखास विसरल्या जातात. मात्र कडेची खोलीची मोजपट्टी कापू नका. ती गेली की गाठ किती मोठी आहे हे कुणालाच सांगता येणार नाही. एक्स-रेवरचं L किंवा R हे अक्षरही ठेवा.

मी स्वतः व्ह्यूअरमध्ये मजकूर बंद करतो, हव्या त्या दोन-तीन स्लाइसचे स्क्रीनशॉट घेतो आणि लिहितो: "चाळिशीतला पुरुष, दुसरा स्कॅन पहिल्यानंतर तीन महिन्यांनी." मत देणाऱ्याला वय साधारण कळलं आणि दोन तपासण्यांमधलं अंतर कळलं की खऱ्या तारखांचं काही काम नसतं.

डोक्याचा सीटी किंवा एमआरआय असेल तर अख्खी मालिका कधीच देत नाही. त्या स्लाइस जोडून त्रिमितीय चेहरा उभा करता येतो, नाक-डोळ्यांसकट.

मोबाइलने फोटो काढला असेल तर त्यातलं लोकेशनही काढा. आणि हो, एवढं सगळं करून लोक फाइल पाठवतात तेव्हा तिचं नाव असतं आडनाव, नाव आणि तारीख. आधी तिचं नाव scan1.png करा.