लग्नाच्या हॉलची अनामत परत मागताना या चुका टाळा

लग्न पार पडलं, पाहुणे घरी गेले आणि चार दिवसांनी हॉलकडून निरोप आला: "डिपॉझिटमधून नुकसानीचे पैसे कापलेत, उरलेले घेऊन जा." कसलं नुकसान, किती, कुठे, यातलं काहीच सांगितलेलं नसतं. पावतीच्या मागे फार तर "नुकसान व स्वच्छता" असे तीन शब्द आणि एक आकडा. बहुतेक घरांत इथेच दमलेली माणसं "जाऊ दे" म्हणतात. मला याचा मनापासून राग येतो, कारण अनामत हा हॉलचा नफा नसतो. ते तुमचे पैसे आहेत, काही काळ त्यांच्याकडे ठेवलेले. त्यातला जो भाग ते ठेवून घेतात, त्याचा हिशेब देणं त्यांचं काम आहे. मात्र हिशेब मागण्याची पद्धत चुकली की खरी बाजू असूनही माणूस हरतो.

पहिली चूक: यादी मागण्याआधी रकमेवर भांडणं

"एवढे कसे कापले? निम्मे तरी परत करा!" असं म्हटलं की घासाघीस सुरू होते. मॅनेजर थोडे वाढवून देतो, तुम्ही घेता आणि कपात योग्य होती की नाही हा प्रश्न कायमचा मागे पडतो. वर तुम्ही "निम्मे" म्हणालात, म्हणजे निम्मी कपात तुम्हाला मान्य आहे असाही अर्थ लावता येतो. म्हणून आकड्यावर अवाक्षर न काढता आधी तपशीलवार यादी मागा. यादीतल्या प्रत्येक ओळीत चार गोष्टी हव्यात: कोणती वस्तू आणि किती नग, ती कुठे होती आणि तिला काय झालं, रक्कम कशी काढली (दुरुस्ती, बदली की करारातला दर) आणि त्याचा पुरावा काय. पुरावा म्हणजे तारखेसह फोटो, दुरुस्तीचं बिल किंवा कोटेशन, आणि वस्तू बदलायची असेल तर मूळ खरेदीची तारीख. ही शेवटची गोष्ट मागायला लोक हमखास विसरतात. पुढे हिशेबात सगळ्यात जास्त फरक तिनेच पडतो.

मागणी लेखी करा. फोनवर बोलणं झालंच, तर त्याच दिवशी "आपलं असं बोलणं झालं" एवढा मेसेज टाका. मजकूर लांबलचक नको:

"दि. … रोजीच्या समारंभासाठी पावती क्र. … अन्वये … एवढी परतीची अनामत जमा केली होती. त्यातून … एवढी रक्कम कापल्याचे कळवले आहे. कृपया प्रत्येक कपातीची वस्तू, नग, नुकसानीचे स्वरूप, रकमेचा आधार, फोटो, बिल व वस्तूच्या मूळ खरेदीची तारीख दि. … पर्यंत लेखी द्यावी. नुकसान झालेल्या वस्तू तोवर टाकून देऊ नयेत; आम्हाला त्या पाहायच्या आहेत. ज्या रकमेबद्दल वाद नाही ती आत्ताच परत करावी. उरलेल्या रकमेवरील आमचा हक्क राखून ठेवत आहोत."

मुदत करारात असेल तीच लिहा. नसेल तर दोन आठवडे पुरेसे आहेत, फक्त "लवकरात लवकर" न लिहिता नेमकी तारीख घाला. आणि पत्र त्याच माणसाच्या सहीने जाऊ द्या ज्याच्या नावावर पावती आहे. पावती मामांच्या नावावर आणि पत्र वधूच्या वडिलांचं, एवढ्याशा कारणावरून महिना-महिना टोलवाटोलवी होते. मूळ पावती पैसे हातात आल्याशिवाय देऊ नका, तोवर झेरॉक्स द्या.

दुसरी चूक: उशीर

कायद्याने दावा करायला बराच वेळ मिळत असला तरी पुरावा तेवढा थांबत नाही. मोडकी खुर्ची भंगारात जाते, भिंतीला रंग लागतो, आणि सीसीटीव्हीचं जुनं चित्रण काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप पुसलं जातं. वस्तू टाकू नका ही ओळ पत्रात आहे ती म्हणूनच. शक्य असेल तर चित्रण जपून ठेवा असंही त्यात घाला, कोणत्या जागेचं आणि किती ते किती वाजेपर्यंतचं हे नेमकं लिहून.

तिसरी चूक: यादी आली की एकतर सगळी मान्य, नाहीतर सगळी अमान्य

यादी ओळीनुसार तपासायची असते. एक हिशेब करून पाहू. सोपं जावं म्हणून अनामत 100 धरू. हॉलने 45 कापले, 55 परत केले. यादी मागितल्यावर अशी आली: खुर्च्या 8 नग, 16; गालिचा बदलणे, 15; भिंतीचा रंग, 6; जादा स्वच्छता, 5; जादा वीज, 3.

खुर्च्यांपासून सुरुवात करू. आठ खुर्च्यांसाठी प्रत्येकी 2, म्हणजे नव्या खुर्चीची किंमत लावली आहे. हॉल ताब्यात घेताना सही केलेल्या कागदावर "3 खुर्च्यांचे पाय हलतात" अशी नोंद होती. त्या तीन गेल्या, उरल्या पाच. फोटो मोठा करून पाहिल्यावर दिसलं की पाचपैकी दोन खुर्च्यांचा फक्त वेल्डिंगचा जोड सुटला आहे. बैठक आणि पाठ शाबूत आहेत. त्या दोन्हींच्या दुरुस्तीला मिळून 1 लागतो. बाकीच्या तीन खरोखरच मोडल्या आहेत, पण खरेदीच्या बिलावरून त्या पाच वर्षं वापरलेल्या आहेत, आणि हॉल स्वतःच सांगतो की खुर्च्या ते दहा वर्षं चालवतात. म्हणजे निम्मं आयुष्य आधीच वापरून झालं होतं. तीन खुर्च्यांचे 6, त्याचे निम्मे 3. एकूण देणं 4, आणि मागितले होते 16.

गालिच्यावर तळहाताएवढा जळाल्याचा डाग आहे. तो डेकोरेटरच्या दिव्याने पडला. इथे अनेक जण म्हणतात, "ते डेकोरेटरचं काम, त्याला विचारा." हा मुद्दा सहसा टिकत नाही. डेकोरेटर तुम्ही आणला असेल तर हॉलच्या दृष्टीने जबाबदारी बहुधा तुमचीच असते. तुम्ही हॉलला द्यायचं आणि डेकोरेटरकडून वसूल करायचं. त्यासाठी त्याचं शेवटचं बिल चुकतं करण्याआधीच हॉलचा फोटो त्याला पाठवा. डेकोरेटर हॉलने सक्तीने दिलेला असेल तर मात्र चित्र उलटं होतं, आणि ते पत्रात ठासून सांगा. आपल्या उदाहरणात तो तुम्हीच आणला आहे. डाग मधोमध असल्याने तुकडा बदलून भागणार नाही हेही खरं. पण दहा वर्षं टिकणारा गालिचा सहा वर्षं वापरलेला आहे, तेव्हा 15 पैकी 40 टक्के, म्हणजे 6 देणं रास्त ठरतं. जुन्या गालिच्याच्या बदल्यात हॉलला तुमच्या खर्चाने कोरा गालिचा मिळावा, हे काही भरपाईत बसत नाही.

भिंतीवर चिकटपट्टी लावायची नाही असं करारात स्पष्ट होतं, ती लावली गेली आणि काढताना रंगाचे पापुद्रे निघाले. बिल एका भिंतीचं आहे, फोटो जुळतो. 6 मान्य करा. अशी ओळ सरळ मान्य केल्याने बाकीच्या हरकतींना वजन येतं. उलट भिंतीवरचे खुर्ची घासल्याचे पुसट ओरखडे, फरशीवर चालून आलेला फिकटपणा, दाराच्या कडीचा सैलपणा ही वापराची नैसर्गिक झीज आहे. भाडं त्या वापरासाठीच दिलेलं असतं.

स्वच्छतेचे 5 मात्र लगेच देऊ नका. करारात भाड्यातच स्वच्छता धरली आहे. "जादा" म्हणजे नेहमीपेक्षा काय जास्त करावं लागलं, किती माणसं, किती तास, हे हॉलने सांगायला हवं. त्यांनी सांगितलेलं नाही, म्हणून तूर्त शून्य. विजेचे 3 ठीक आहेत, कारण सुरुवातीचं आणि शेवटचं मीटर रीडिंग दोन्ही बाजूंच्या सहीने आहे. ही रक्कम नुकसान नव्हे, वापराचं शुल्क आहे. यादीत ती वेगळी दाखवायला सांगा, म्हणजे नुकसानीचा आकडा फुगलेला दिसत नाही.

बेरीज करा: 4, 6, 6, 0 आणि 3, मिळून 19. कापले 45, म्हणून अजून 26 परत यायला हवेत. आता तुमच्याकडे ओळीनुसार कारणं असलेला आकडा आहे, आणि पुढचं पत्र त्याच आकड्याचं.

या हिशेबाला एक मर्यादा आहे. करारात "मोडलेल्या प्रत्येक खुर्चीमागे अमुक रक्कम" असा दर लिहून तुम्ही सही केली असेल, तर वयाप्रमाणे घट मागणं अवघड जातं. तरीही नगांची संख्या आणि आधीची मोडतोड यावर बोलता येतं. शिवाय तो दर नव्या वस्तूच्या किमतीच्या कित्येक पट असेल, तर तो भरपाई नसून दंड आहे, अशी हरकत घेता येते.

चौथी चूक: उरलेले पैसे घेताना न वाचता सही

55 परत देताना हॉल एक व्हाउचर पुढे करतो. त्यावर बारीक अक्षरात "संपूर्ण व अंतिम रक्कम मिळाली, कोणतीही तक्रार नाही" असं असतं. त्यावर सही केली की 26 मिळणं फार कठीण होतं. ते वाक्य खोडून "55 मिळाले, उरलेल्या रकमेबाबत हक्क राखून" असं हाताने लिहा आणि मग सही करा, सहीनंतर फोटोही घ्या. खोडू देत नसतील तर रोख घेऊ नका, रक्कम खात्यावर पाठवायला सांगा. ती जमा झाल्याच्या दिवशीच "अंशतः रक्कम मिळाली, बाकी येणे आहे" असं कळवा.

यादीच दिली नाही तर?

असं होतं, आणि बऱ्याचदा होतं. "आमच्याकडे अशी यादी देत नाहीत" हे उत्तर लेखी मिळालं तर ते तुमच्या बाजूचं आहे, जपून ठेवा. नुकसान झालं आणि ते इतक्या रकमेचं झालं, हे दाखवण्याचा भार साधारणपणे पैसे ठेवून घेणाऱ्यावर असतो. मुदत उलटली की दुसरं पत्र पाठवा, या वेळी मालकाच्या किंवा ट्रस्टच्या नावाने आणि पोच मिळेल अशा मार्गाने. त्यात पहिल्या पत्राची तारीख द्या, यादी न मिळाल्याने एकही कपात मान्य नसल्याचं लिहा आणि पूर्ण अनामत मागा. स्वतःला ठाऊक असलेलं नुकसान तेवढं वजा करून मागितलंत तर आणखी चांगलं, कारण पुढे तक्रार निवारणाच्या ठिकाणी तो प्रामाणिकपणा दिसतो. ऑनलाइन वाईट शेरा लिहिण्याची धमकी या पत्रात घालू नका, तीच पुढे तुमच्याविरुद्ध दाखवली जाते.

त्यालाही उत्तर आलं नाही तर तुमच्या भागातल्या ग्राहक तक्रार यंत्रणेकडे किंवा छोट्या रकमेच्या दाव्यांच्या न्यायालयाकडे जा. सोबत करार, पावती, ताबा घेतानाचा आणि देतानाचा कागद, दोन्ही पत्रं, त्यांच्या पोचा आणि ओळीनुसार केलेला हिशेब जोडा.